पाळी गेली, सिंहगड चालूच आहे: हाडं आणि स्नायूंसाठी ताट कसं मांडायचं

माझी वहिनी ५१ वर्षांची. दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढते, आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवते, वजन ५८ किलो. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. गडावरून नाही, जिन्यावरून नाही, उभ्या उंचीवरून. हाडांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि लगेच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यायला सांगितलं. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा, उणे २.२ आला, खुब्याचा उणे १.६, आणि ड जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम, म्हणजे कमी. उणे १ पर्यंत हाड ठीक मानतात, उणे २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ झालेली हाडं. म्हणजे वहिनी काठावर.

तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, मी तर एवढी चालते!" आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. वहिनीचं निमित्त करून सगळं इथे मांडते, कारण हिंडत्या-फिरत्या बायकांची गडबड बैठं काम करणाऱ्यांपेक्षा वेगळी असते.

आधी कारण

हाड ही जिवंत गोष्ट आहे. जुनं खरवडणाऱ्या पेशी आणि नवं भरणाऱ्या पेशी यांचं काम आयुष्यभर चालू असतं. खरवडणाऱ्यांवर इस्ट्रोजेन या हॉर्मोनचा लगाम असतो. पाळी जायला येते तसा तो सुटतो आणि भरणारे मागे पडतात. सगळ्यात वेगाने झीज होते ती शेवटच्या पाळीच्या आधीचं साधारण एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षं. त्या काळात मणक्याचं हाड वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास कमी होतं. पुढे वेग मंदावतो, थांबत नाही. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. त्यामुळे आपल्या बायकांची ही उतरण लवकर सुरू होते. 'पन्नाशीनंतर बघू' म्हणेपर्यंत जोराचा काळ उलटूनही गेलेला असतो.

स्नायूंचं दुखणं थोडं वेगळं आहे. तरुणपणी वाटीभर वरणातल्या प्रथिनांवरही स्नायू बऱ्यापैकी भरून निघतो. वय वाढलं की तो बहिरा होतो, हाक मोठी मारावी लागते. एका बैठकीत २० ते ३० ग्रॅम प्रथिनं मिळाली तर तो नीट ऐकतो. दिवसभर चिमूट चिमूट मिळालं तर तेवढं ऐकत नाही. वहिनीच्या ताटात नेमकी इथेच मेख होती.

पहिली पायरी: दोन मोजमापं, घरच्या घरी

हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, मोबाइलवर वेळ लावून. आशियाई निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी झाली असं समजायचं. वहिनीला १३ लागले. गड चढणारीला १३! तिला खरंच वाटेना, दोनदा परत केलं. (त्या वेळी हात प्लॅस्टरमध्ये होता, पण या चाचणीत तसंही हात छातीशी धरायचे असतात.)

दुसरं मोजमाप उंचीचं. दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलने खूण करा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झालं असेल तर मणका चेपला गेल्याची शक्यता असते, आणि हे पुष्कळदा न दुखता होतं. अशा वेळी डॉक्टरांकडे जाऊन पाठीचा एक्स-रे काढून घ्यायचा.

वजनकाट्यावर विसंबू नका. या वयात वजन तेवढंच राहून स्नायू जातो आणि त्याच्या जागी पोटावर चरबी येते. काटा काही सांगत नाही, सलवारीची नाडी सांगते.

दुसरी पायरी: कालचं ताट लिहून काढा

चांगल्या दिवसाचं नाही, कालचं. वहिनीचं असं निघालं. सकाळी चहा-बिस्कीट, मग शेंगदाणे घातलेले पोहे: प्रथिनं ७ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, थोडा भात, ताक: १६ ग्रॅम. संध्याकाळी चहा आणि चिवडा, दिवसभराच्या चहातलं दूध धरून: ५. रात्री 'हलकं' म्हणून एक ज्वारीची भाकरी, भाजी, टोमॅटोचं सार: ८. बेरीज ३६ ग्रॅम. कॅल्शियम जेमतेम साडेतीनशे मिलिग्रॅम, त्यातलंही निम्म्याहून जास्त चहातल्या दुधाचं आणि ताकाचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ५८ किलोला ते ४८ ग्रॅम होतात. हा निरोगी माणसाचा हिशेब आहे, पाळी गेलेल्या आणि गड चढणाऱ्या बाईसाठी तो तोकडा पडतो. व्यायाम करणाऱ्या या वयाच्या बाईला मी दर किलोला १.२ ग्रॅम धरते, वजनं उचलत असेल तर दीडपर्यंत. वहिनीचं लक्ष्य ठरलं ७० ग्रॅम. कॅल्शियमचं त्याच शिफारशीत पाळी गेलेल्या बाईसाठी रोज १२०० मिलिग्रॅम आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवायच्या आधी क्रिएटिनिन दाखवून डॉक्टरांना विचारा, इथे माझा आकडा चालणार नाही.

तिसरी पायरी: सकाळ बदला, बाकीचं नंतर

सगळं ताट एकदम बदलायला गेलेली बाई पंधरा दिवसांत पोह्यांवर परत येते. म्हणून आधी फक्त नाश्ता.

आमचं गणित असं बसलं. ५० ग्रॅम मुगाची डाळ रात्री भिजवायची, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून सरसरीत वाटायची आणि दोन धिरडी घालायची. आत ४० ग्रॅम किसलेलं पनीर, कोथिंबीर, मीठ. बरोबर २०० मिलिलिटर दूध. एवढ्यात २६ ग्रॅम प्रथिनं आणि साडेचारशे मिलिग्रॅम कॅल्शियम. धिरडं तव्याला चिकटलं तर डाळ जास्त वेळ भिजली आहे किंवा पीठ फार पातळ झालं आहे, चमचाभर तांदळाची पिठी घाला. अंडी खाणाऱ्यांनी दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि दूध घ्यावं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पण कॅल्शियम फारसं नसतं, म्हणून दूध सोडू नका.

पनीर घरी करत असाल तर एक गोष्ट. लिंबाने दूध फाडलं की त्यातलं थोडं कॅल्शियम पाण्यात उतरतं. ते पाणी मोरीत ओतू नका, कणीक त्यात भिजवा. पोळ्याही मऊ होतात.

दूध पचत नसेल तर दही आणि पनीर बहुतेकांना चालतं, कारण त्यांत दुधातली साखर कमी असते.

चौथी पायरी: दुपार आणि रात्र

दुपारच्या दोन पोळ्यांतली एक काढून तिथे नाचणीची भाकरी आली. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे ५० ग्रॅमच्या एका भाकरीत १८०. पातळ वरणाच्या जागी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा चवळीची उसळ, आणि ताकाऐवजी वाटीभर दही. ही वाटी १५० ग्रॅमची घ्या. आमच्याकडची नैवेद्याची वाटी ६० ग्रॅमची निघाली आणि तिच्यावर महिनाभर खोटा हिशेब चालला. भाजी माठाची, मेथीची किंवा शेवग्याच्या पाल्याची. दुपारचं झालं २२ ग्रॅम.

रात्रीचं 'हलकं' हा शब्द मला खटकतो. हलकं म्हणजे बायका डाळ काढून टाकतात आणि भाकरी-भाजी ठेवतात. वहिनीला मी पिठलं-भाकरी सांगितली, ४० ग्रॅम बेसनाचं. गडावरचं जेवण ती घरी आनंदाने खाते, आणि ते १५ ग्रॅम भरतं. गॅसची भीती असेल तर बेसनाऐवजी मुगाच्या डाळीचं घट्ट वरण. मासे खाणाऱ्या घरात हे सगळं सोपं आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायकांनी मांदेली, मोतयाळे असे काट्यासकट खाता येतील असे लहान मासे आठवड्यातून दोनतीनदा घेतले तर प्रथिनं आणि कॅल्शियम एका ताटात येतात.

संध्याकाळी चिवड्याच्या जागी मूठभर, ३० ग्रॅम, फुटाणे. चहा राहिला, तो सोडवायच्या भानगडीत मी पडत नाही.

दिवसाची बेरीज ७१ ग्रॅम. कॅल्शियम नाश्त्याचं ४५०, दुपारचं ४८०, संध्याकाळ आणि रात्र मिळून दीडशे, म्हणजे हजारावर. झोपताना अर्धा कप दूध घेतलं की १२०० झालंच. गोळी लागली नाही.

उपवासाचं मुद्दाम सांगते, कारण सोमवार, चतुर्थी आणि एकादशी धरली तर काही बायकांचे महिन्यातले सातआठ दिवस साबुदाण्यावर जातात. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, पनीर, दही आणि शेंगदाण्याची आमटी असं करा. उपवास मोडत नाही.

तिळाची गोष्ट

तीळ कॅल्शियमचं भांडार आहे असं प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतं. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅम तिळाला हजारावर आकडा दिसतो, तो खोटा नाही. पण त्यातलं बरंच कॅल्शियम सालीत, ऑक्झलेटला बांधलेलं असतं आणि ते आतड्यातून फारसं आत जात नाही. साल काढलेले पांढरेशुभ्र तीळ घेतले तर आकडाच कोसळतो. चटणीवर तीळ जरूर घाला, त्याच्या भरवशावर दूध सोडू नका. पालकाचंही तेच. तो पालेभाजी म्हणून चांगला, कॅल्शियमसाठी मेथी बरी. नाचणीतही शोषणाला अडवणारे घटक आहेत, पण मोड आणून किंवा आंबवून ते कमी होतात. म्हणून नाचणीचं सत्त्व मोड आणून करायची जुनी पद्धत शहाणपणाची होती.

पाचवी पायरी: ऊन, आणि ते पुडकं

ड जीवनसत्त्वाशिवाय आतडं कॅल्शियम नीट उचलत नाही, आणि ते जेवणातून जवळजवळ मिळत नाही. अंड्याच्या बलकात आणि तेलकट माशांत थोडंफार, एवढंच. उरतं ऊन. इथे चालणाऱ्या बायका फसतात. सकाळी सहाला टेकडी चढून आठला घरी, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, टोपी, सनस्क्रीन. तिरप्या कोवळ्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व करायला लागणारे किरण फारसे नसतात. तुमची सावली तुमच्याहून आखूड असेल तेव्हाचं, म्हणजे साधारण अकरा ते दोनचं ऊन लागतं, आणि ते काचेतून आलेलं चालत नाही. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीनचार वेळा वीस-पंचवीस मिनिटं. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. भर मे महिन्यात हे कुणाला करायला सांगायचं, म्हणून बहुतेकींना शेवटी गोळी लागते.

आधी रक्तात '२५-हायड्रॉक्सी' तपासून घ्या. २० च्या खाली असेल तर कमी. वहिनीला डॉक्टरांनी ६०,००० युनिटचं पुडकं आठवड्यातून एकदा, आठ आठवडे दिलं, मग रोजचा छोटा डोस. ते पोटभर आणि थोडं तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्यायचं, उपाशीपोटी नाही.

'आठवड्यातून एकदा' हे शब्द चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून घ्या. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी ती पुडकी महिनाभर रोज घेतली होती. तोंडाला कोरड, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, आणि रक्तातलं कॅल्शियम वर गेलेलं. भरती व्हावं लागलं. जास्त म्हणजे चांगलं असं या जीवनसत्त्वाचं मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले होते, २०१० साली त्याचे निष्कर्ष आले: पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं. आणि कमतरता आहे की नाही ते न बघता घेतलेल्या, एरवी निरोगी माणसांना रोज २००० युनिट देऊन फ्रॅक्चर कमी झाले नाहीत, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २०२२ साली दिसलं. कमी असेल तर भरायचं, भरलं की राखायचं.

कॅल्शियमची गोळी लागलीच तर

ताटातली तूट मोजा आणि तेवढीच भरा. गोळीच्या पाकिटावर '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेतलं तर शोषण घटतं. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सायट्रेट घ्यावं, त्याला पोटातल्या आम्लाची गरज नसते. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. हे पाळलं नाही म्हणून टीएसएच वाढलेल्या आणि मग थायरॉइडचा डोस वाढवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. मुतखडा होऊन गेला असेल तर गोळी डॉक्टरांना विचारूनच, पण म्हणून दूध-दही बंद करू नका, जेवणातल्या कॅल्शियमने खडे वाढत नाहीत. लोणचं-पापड मात्र आवरा, मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

सहावी पायरी: हाडाला वजन दाखवा

प्रथिनं आणि कॅल्शियम हा माल झाला, गवंड्याला कामावर बोलवणारा व्यायामच. सायकल आणि पोहणं हृदयाला उत्तम, पण हाडावर भार फारसा पडत नाही. चालण्याने थोडा फरक पडतो, पण हाडाला त्या भाराची सवय झालेली असते. हाड दाद देतं ते नेहमीपेक्षा जड वजनाला आणि धक्क्याला.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ग्रिफिथ विद्यापीठाने हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास जड व्यायाम करून घेतला. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन उठाबशा, डोक्यावर वजन उचलणं, प्रत्येकी पाच वेळा असे पाच सेट, आणि उडी मारून जमिनीवर उतरणं. आठ महिन्यांनी मणक्याची घनता जवळजवळ तीन टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली होतं आणि पहिले काही आठवडे फक्त पद्धत शिकण्यात गेले, हे विसरू नका. व्हिडिओ बघून घरात डेडलिफ्ट सुरू करू नका, विशेषतः मणक्याचं हाड विरळ असेल तर. पाठ गोल करून पुढे वाकणं आणि तशाच स्थितीत वजन उचलणं टाळा.

वहिनीने मनगट बरं झाल्यावर सायकलचे दोन दिवस जिमला दिले. रिकामी दांडी, मग पाच पाच किलो वाढवत. जिममधून आल्यावर तासाभरात धिरडी आणि दूध.

कुठे बिघडतं

पहिल्या महिन्यात पोट फुगतं, कारण डाळ एकदम वाढते. नाश्ता तसाच ठेवून उसळ एक दिवसाआड करा, कडधान्यं मोड आणून नीट शिजवा. दुसरं, प्रथिनांनी पोट लवकर भरतं आणि बाई एकूण कमी खायला लागते. गड चढणारीने पोटाला चिमटा घेतला तर शरीर स्नायूच खातं आणि सगळा खटाटोप वाया जातो. महिन्याला वजन किलो-दीड किलोने उतरत असेल तर पोळी-भात परत वाढवा.

औषधाचा निर्णय ताटाने होत नाही. मनगट, खुबा किंवा मणका साध्या पडण्याने मोडला असेल तर टी-स्कोअर उणे २.५ च्या वर असला तरी बरेच डॉक्टर औषध सुचवतात. पाळी ४५ च्या आत गेली असेल तर हॉर्मोन उपचाराबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. थायरॉइड, पॅराथायरॉइड आणि मूत्रपिंड तपासून घ्या. वहिनीच्या डॉक्टरांनी हे सगळं केलं आणि औषध सध्या थांबवून ठेवलं.

चार महिन्यांनी ड जीवनसत्त्व ३४ आलं, खुर्चीची चाचणी साडेनऊ सेकंदांवर. डेक्सा मात्र लगेच करायची घाई नको, वर्ष-दोन वर्षांनी करायची आणि त्याच केंद्रात, त्याच मशिनवर. मशीन बदललं की दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, आणि फरक हाडाचा की यंत्राचा हे कुणालाच सांगता येत नाही. वहिनीने जुना रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून त्यावर मशिनचं नाव लिहून ठेवलं आहे.